मदत हवी आहे: कर भरून ठरलेला नफा उरेल अशी विक्रीची किंमत कशी काढायची?

नमस्कार मंडळी. आमची छोटी भागीदारी फर्म कोकम सरबत बनवते. वर्षाला 12,000 बाटल्यांचा अंदाज आहे. बाटलीमागे बदलता खर्च 85 रुपये, तर स्थिर खर्च भागीदारांच्या मेहनतान्यासह 4,60,000. कर भरून 3,44,000 उरायला हवेत. जीएसटी तूर्तास बाजूला ठेवलाय.

फर्मला आयकर 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. म्हणून 3,44,000 ला 0.688 ने भागलं. करपूर्व नफा आला 5,00,000. त्यात स्थिर खर्च मिळवला की 9,60,000, म्हणजे बाटलीमागे 80 रुपये अंशदान. किंमत 165. इथवर सगळे सहमत.

घोडं अडलंय दुकानदारांच्या कमिशनवर. ते विक्री किमतीच्या 20 टक्के घेतात. भागीदार म्हणतो, 165 वर 20 टक्के चढवून 198 लाव. पण 198 चं कमिशन 39.60, हाती 158.40, बाटलीमागे 6.60 कमी. माझ्या मते 165 भागिले 0.8, म्हणजे 206.25. बरोबर ना?

खरा प्रश्न पुढचा. या किमतीला खप 10,000 वर आला, तर अंशदान 96 लागतं आणि किंमत 226.25 होते. मग खप आणखी घटणार! हे चक्र थांबवायला किंमत आणि खप एकत्र कसे ठरवता? स्वतः हिशेब करणाऱ्यांनी सांगावं.