शब्दचर्चा : विक्रीच्या नोकरीच्या अर्जात ‘पटवणे’, ‘मन वळवणे’ की आणखी काही?

गणिताच्या बाई (विक्रोळी)

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका अनुदानित मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होते. आता मी घरगुती पाणी शुद्ध करणारी यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीत ‘विक्री प्रशिक्षणार्थी’ या पदासाठी अर्ज करत आहे. जाहिरात मराठीत असून अर्जासोबतचे पत्रही मराठीतच मागितले आहे, कारण काम ठाणे आणि डोंबिवलीच्या मराठी वस्त्यांत करायचे आहे. संवादकौशल्य आणि समोरच्याला तयार करण्याची हातोटी या दोन गोष्टींवर पत्रात भर द्यायचा, एवढे मी ठरवले आहे. मसुद्यातील मुख्य ओळी अशा आहेत : ‘माझ्याकडे उत्तम संवादकौशल्य असून इतरांना पटवण्याची कला मला अवगत आहे. अवघड विषय विद्यार्थ्यांच्या गळी उतरवण्याचा मला दांडगा अनुभव आहे.’ ‘पटवणे’ हा शब्द मला स्वतःलाच खटकतो आहे. त्याच्या जागी कोणता शब्द योग्य ठरेल?

शब्दप्रेमी (गिरगाव)

‘पटवणे’ काढून टाकावा, याबद्दल दुमत नसावे. हा शब्द हिंदी चित्रपटांतून आपल्याकडे आला आणि मुलगी पटवणे या अर्थाने रुळला, त्यामुळे औपचारिक पत्रात तो अशोभनीय दिसतो. ‘मन वळवणे’ हा शुद्ध आणि सभ्य प्रयोग आहे. तसेच ‘संवादकौशल्य’ऐवजी ‘संप्रेषणकौशल्य’ लिहावे, कारण पाठ्यपुस्तकांत आणि विद्यापीठीय लेखनात तोच शब्द मान्य आहे.

मराठीचे मास्तर (दादर)

हा शब्द काढावा, इतपत मी सहमत आहे, मात्र त्यासाठी दिलेले कारण मला मान्य नाही. ‘पटणे’ हे आपले जुने क्रियापद आहे आणि व्यवहारात ते चांगले मुरलेले आहे. पूर्वी हुंडी पटत असे, म्हणजे ती स्वीकारली जाऊन तिचे पैसे मिळत. विदर्भात आजही लोक कर पटवतात आणि बिल पटवतात. प्रेमप्रकरणाचा अर्थ नंतर चिकटला, हे खरे आहे, पण तेवढ्याने शब्द परका ठरत नाही.

खरी अडचण वाक्याच्या रचनेत आहे. ‘मला पटले’ असे आपण म्हणतो, तेव्हा निर्णय ऐकणाऱ्याचा असतो आणि सांगणारा त्या वाक्यात दिसतही नाही. ‘मी त्याला पटवले’ असे म्हटले की सगळे कर्तृत्व सांगणाऱ्याकडे जाते आणि समोरचा माणूस नुसता ‘पटवला गेलेला’ उरतो. ‘मी त्याला पटवून दिले’ यात मात्र ‘देणे’मुळे तोल पुन्हा सावरतो, कारण कारणे मांडली गेली आणि ती त्याने घेतली, असा भाव तिथे येतो. म्हणून शब्द बदलायचाच असेल, तर ‘पटवण्याची कला’ऐवजी ‘पटवून देणे’ घ्यावे आणि तेही नामासारखे न वापरता क्रियापद म्हणून वापरावे.

‘गळी उतरवणे’ तर पूर्णपणे वगळावे. नको असलेली गोष्ट घशाखाली घालायला लावणे, हा त्याचा भाव आहे. विक्रेता होऊ पाहणाऱ्या व्यक्तीने आपल्याबद्दल असे लिहिणे म्हणजे ग्राहकाला आधीच सावध करणे होय.

अंबरनाथकर

माझा पुतण्या अंबरनाथच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. त्याची नोंदणी 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली झाली असून त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. त्यासाठी कोणत्याही पत्राची गरज पडली नाही, संकेतस्थळावर नोंदणी करावी लागली. बाईंनीही आधी नोंदणी करून घ्यावी आणि पत्रात ‘प्रशिक्षणार्थी’ऐवजी ‘शिकाऊ उमेदवार’ असेच लिहावे, असे मला वाटते.

विक्रीतला जुना माणूस (मुलुंड)

आपल्या पुतण्याची वाट वेगळी आहे. ‘शिकाऊ उमेदवार’ ही त्या कायद्यातील ठरावीक संज्ञा आहे, तर बाईंचे पद कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरील दिसते. जाहिरातीत जो शब्द छापला आहे, तोच पत्राच्या विषयात जसाच्या तसा ठेवावा. अर्ज चाळणारी व्यक्ती आधी पदाचे नाव शोधते आणि तिथे निराळा शब्द दिसला की पत्र भलत्या गठ्ठ्यात जाते.

मी अनेक वर्षे विक्रीच्या कामासाठी माणसे निवडली आहेत, म्हणून मूळ प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. शिक्षकाचा अर्ज समोर आला की निवडणाऱ्याच्या मनात एक शंका हमखास येते : हा माणूस बोलेल चांगला, पण ऐकून घेईल का? वर्गात शिक्षक बोलतो आणि मुले ऐकतात, शिवाय मुलांना उठून जाता येत नाही. ग्राहक मात्र दार लावून घेऊ शकतो. त्यामुळे ‘विद्यार्थ्यांना अवघड विषय समजावून सांगितला’ हे उदाहरण कितीही खरे असले, तरी त्यातून अध्यापन सिद्ध होते, समोरच्याला तयार करण्याची हातोटी सिद्ध होत नाही. ज्या प्रसंगी समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मोकळीक होती आणि तरीही तो ‘हो’ म्हणाला, असा प्रसंग पत्रात हवा. शिक्षकांकडे असे प्रसंग असतात, पण ते त्यांना शाळेचे वरकाम समजतात आणि लिहीतच नाहीत. बाईंनी पालकांशी काही काम केले असेल, तर ते सांगावे.

गणिताच्या बाई (विक्रोळी)

असे काम होते आणि ते मी खरोखरच वरकाम समजत होते. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत आम्ही शिक्षक वस्तीत पटनोंदणीसाठी फिरत असू. पट म्हणजे विद्यार्थिसंख्या घसरली की संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरते तेव्हा, पदे कमी होतात आणि कोणीतरी अतिरिक्त ठरते, त्यामुळे हे फिरणे टाळता येत नसे. बहुतेक पालकांचा आक्षेप एकच असे : मराठी शाळेत घातले तर मुलाला इंग्रजी येणार नाही. सुरुवातीला मी मातृभाषेतील शिक्षणाचे महत्त्व सांगत असे आणि पालक मान हलवून दार लावून घेत. पुढे मी आधी विचारू लागले की इंग्रजी येणे म्हणजे मुलाने नेमके काय करावे, असे त्यांना वाटते. बऱ्याच जणांना गणित आणि विज्ञान पुढे इंग्रजीतून जड जाईल, ही भीती होती. आमच्याकडे पाचवीपासून सेमी इंग्रजी वर्ग होता, म्हणून मी त्या वर्गाचे गणिताचे पुस्तक पिशवीत ठेवू लागले आणि पालकांच्या हातात देऊ लागले. काही जण नंतर वर्गात येऊन बसलेही. एका वर्षी पाचवीचा पट 19 वरून 27 वर गेला, पण फिरणारे आम्ही चौघे होतो.

विक्रीतला जुना माणूस (मुलुंड)

मला हवे होते ते हेच. आक्षेप ऐकणे, त्याच्या मागची भीती विचारून काढणे, वस्तू हातात देणे आणि मग निर्णय ग्राहकावर सोडणे, ही घरोघरी विक्रीची अख्खी पद्धत यात आली आहे. पाण्याच्या यंत्राचे प्रात्यक्षिक नेमके असेच दाखवावे लागते. आकडा जरूर लिहावा, मात्र ‘आम्ही चौघांनी’ असेच लिहावे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्या आकड्यावर येतो आणि सगळे श्रेय स्वतःकडे घेतलेले असेल, तर उत्तर दुसऱ्याच वाक्यात अडखळते. दुसरे असे की ‘पटनोंदणी’ आणि ‘संचमान्यता’ हे शब्द शाळेबाहेर कळत नाहीत. त्यांच्या जागी ‘नव्या प्रवेशांसाठी पालकांना घरी जाऊन भेटणे’ असे साधे लिहावे.

शब्दप्रेमी (गिरगाव)

हुंडीचा संदर्भ मला ठाऊक नव्हता. तरीही इथे ‘पालकांचे मन वळवले’ असेच नेमके ठरेल, असे माझे मत आहे. ‘पटवून दिले’ त्यापुढे कोरडे वाटते.

मराठीचे मास्तर (दादर)

मन वळवायचे, तर ते आधी दुसऱ्या दिशेला असावे लागते. रुसलेल्याचे, विरोध करणाऱ्याचे, राजीनामा देऊ पाहणाऱ्याचे मन आपण वळवतो. ज्या पालकाने इंग्रजी शाळेचा अर्ज आधीच भरला होता, त्याच्याबाबतीत हा प्रयोग अगदी अचूक आहे. जो पालक नुसताच साशंक होता, त्याचे मन वळवले असे म्हटले, तर नसलेला विरोध दिसू लागतो. बाईंच्या हकिकतीत शंका आहे, म्हणून मी ‘शंका दूर केली’ किंवा ‘पटवून दिले’ याकडे झुकतो. जवळचे इतर प्रयोग इथे चालणार नाहीत. ‘मनधरणी’त आर्जव येते, ‘गळ घालणे’ यात आग्रह इतका असतो की समोरच्याला अवघडल्यासारखे होते आणि ‘समजूत काढणे’ हे रागावलेल्या किंवा दुखावलेल्या माणसासाठी आहे.

‘संप्रेषणकौशल्य’बद्दलही एक सांगतो. तो शब्द शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात आणि माध्यमांच्या अभ्यासात शोभतो, पण त्यात संदेश पोहोचवण्यावर भर आहे. ‘संवाद’ म्हटले की दुसरी बाजूही बोलते. मुलुंडच्या गृहस्थांनी शिक्षकाच्या ऐकण्याबद्दलची जी शंका मांडली आहे, ती पाहता इथे ‘संवाद’च हवा.

गणिताच्या बाई (विक्रोळी)

नवा परिच्छेद असा लिहिला आहे :

‘शाळेत असताना नव्या प्रवेशांसाठी पालकांना त्यांच्या घरी जाऊन भेटणे हा माझ्या कामाचा भाग होता. मराठी शाळेत इंग्रजी कच्चे राहील, ही बहुतेकांची शंका असे. त्यांचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घेऊन, सेमी इंग्रजी वर्गाचे पुस्तक त्यांच्या हातात देऊन आणि वर्ग प्रत्यक्ष पाहण्यास बोलावून मी ती दूर करत असे. आम्ही चार शिक्षकांनी केलेल्या अशा भेटींनंतर एका वर्षी पाचवीची विद्यार्थिसंख्या 19 वरून 27 झाली. आपल्या यंत्राबद्दलही ग्राहकाची शंका ऐकून आणि प्रात्यक्षिक दाखवून ते त्याला पटवून देण्याचे काम मला शिकायचे आहे.’

‘संवादकौशल्य’ हा शब्द आता कुठेच उरलेला नाही. तो एकदा तरी यायला हवा का? शाळा सोडण्याचे कारणही लिहावे का?

विक्रीतला जुना माणूस (मुलुंड)

जाहिरातीत ‘उत्तम संवादकौशल्य आवश्यक’ असे छापले असेल, तर परिच्छेदाच्या आधी त्याचा एकदा उल्लेख करावा, म्हणजे पहिली चाळणी करणाऱ्याला तो सापडेल. ‘मला शिकायचे आहे’ हा शेवट मला आवडला, कारण पद प्रशिक्षणार्थीचे आहे. शाळा सोडण्याचे कारण पत्रात नको, ते मुलाखतीत विचारतील आणि तेव्हा सरळ सांगावे.

मराठीचे मास्तर (दादर)

कारणाबद्दल माझे मत वेगळे आहे. शिक्षकी सोडून कोणी विक्रीत येत असेल, तर वाचणाऱ्याला प्रश्न पडणारच. कारण तेच असेल, तर ‘पदे कमी झाल्याने’ एवढे तीन शब्द लिहिल्यास तो प्रश्न तिथेच मिटेल. ‘पूर्वाश्रमीची शिक्षिका’ असे मात्र लिहू नये. तो प्रयोग संन्यास घेतलेल्यांसाठी, किंवा फार तर लग्नाआधीचे नाव सांगताना वापरतात. इथे ‘माजी शिक्षिका’ पुरेसे आहे.

अंबरनाथकर

कायद्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला. पुतण्याचे प्रशिक्षण संपत आले आहे आणि त्यालाही पुढे असे पत्र लागेल. यंत्रावर काम करणाऱ्या मुलाने ‘पटवून दिले’ असा कोणता प्रसंग सांगावा, हे कोणी सुचवू शकेल का?