मदत हवी आहे: गावच्या ग्राउंडसाठी परवानगीचं पत्र नेमकं कोणाच्या नावे?

नमस्कार मंडळी, मी गोव्यात बार्देश तालुक्यातल्या एका हायस्कूलात पीटी शिकवतो. आमच्या मुलांच्या फुटबॉल ट्रेनिंगसाठी गावचं ग्राउंड दर शनिवारी सकाळी साडेआठ ते दहा हवंय, पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंत.

अडचण अशी की जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक जमीन संस्थेची, पण देखभाल पंचायत करते. पंचायतीत अर्ज दिला तर सेक्रेटरी म्हणाले आधी कोमुनिदादची एनओसी आणा, आणि तिथले क्लार्क म्हणतात ग्राउंड पंचायतीकडे आहे, आमच्याकडे कशाला? दोन्हीकडे तोंडीच, कोणी लिहून दिलं नाही.

पत्र हेडमास्तरांच्या सहीने शाळेच्या लेटरहेडवर आहे. वार, वेळ, मुलांची संख्या (तीसेक), सोबत दोन शिक्षक, फर्स्ट एड आमचं, कचरा आम्ही उचलणार, फी घेणार नाही, आणि गावची मॅच किंवा जत्रा असेल त्या शनिवारी आम्ही येणार नाही, एवढं सगळं लिहिलंय. शाळेचं स्वतःचं मैदान छोटं आहे, आणि सरकारी स्टेडियम लांब, बसचा खर्च परवडत नाही, म्हणून तो पर्याय सुचवू नका प्लीज. संध्याकाळीही नको, तेव्हा गावची पोरं खेळतात, त्यांच्याशी भांडण कोण ओढवून घेणार!

ज्यांनी अशा जमिनीवर परवानगी काढलीय त्यांनी सांगा, सरपंच आणि कोमुनिदादचे अध्यक्ष दोघांना एकच पत्र, एकमेकांना प्रत लावून, चालतं की वेगवेगळे अर्ज करून दोन्हीकडे इनवर्डचा शिक्का घ्यावा? आणि पूर्ण सीझनची परवानगी एकदम मागावी की महिन्याची?