१, ११, २१, १२११ – पुढे काय? असा प्रश्न परीक्षेत असावा का?

निशिगंधा: चाचणीत '१, ११, २१, १२११, ?' आलं होतं. मी ३११२ लिहिलं, गुण गेले. त्यांना १११२२१ हवं होतं. हे गणित नाही, कोडं आहे. असले प्रश्न काढूनच टाकावेत. तुमचं मत?

श्रीरंग: काढायचे कशाला? चार पदं देऊन थांबले, घोटाळा तिथे आहे. त्यांचा नियम असा: मागचं पद डावीकडून वाचा आणि सलग सारखे अंक मोजा. १२११ म्हणजे एक १, एक २, दोन १, म्हणून १११२२१. तू सलगपणा न पाहता पदातले सगळे १ एकत्र मोजलेस: तीन १, एक २, म्हणून ३११२. गंमत अशी की १२११ पर्यंत दोन्ही नियम तंतोतंत सारखेच चालतात. तुझं उत्तरही बरोबर आहे.

प्रथमेश: असली मालिका लगेच कळते हो. फरक काढून हाती काही लागत नाही (१०, १०, ११९०!), पहिलं सोडून पदांची लांबी सम असते आणि ४ कधीच येत नाही. सुरुवात कशानेही करा.

श्रीरंग: 'कशानेही' नको. ४ पासून सुरू करा: ४, १४, १११४, ३११४. शेवटचा ४ हलतच नाही. १ पासून निघालात तर मात्र ४ येत नाही, कारण ११११ हे चार अंक 'एक १, एक १' असे वाचावे लागतील, आणि शेजारचे दोन १ आपण आधीच एकत्र मोजलेले असतात. खरी खूण म्हणजे उलटं वाचून पाहणं. १११२२१ च्या जोड्या पाडा: ११, १२, २१. उलगडलं की १, २, ११, म्हणजे मागचं पद हजर. ३११२ उलगडलं तर १११२ येतं, १२११ नाही.

मृणाल: मला वाटलं स्वतःलाच वाचणाऱ्या मालिकेबद्दल चाललंय. मी १, २, २, १, १, २, १, २, २... घेऊन बसले होते, आवर्तन शोधत. सापडत नाही.

श्रीरंग: सापडणारही नाही. ती कोलाकोस्कीची मालिका. गट पाडा: १ | २२ | ११ | २ | १ | २२. गटांच्या लांब्या १, २, २, १, १, २, म्हणजे पुन्हा तीच मालिका. वरची मालिका मागच्या पदाला वाचते, ही खरोखर स्वतःला. हिच्यात निम्मे अंक १ असतात का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

प्रथमेश: मोजून पाहिलं की निम्मेच दिसतात. सिद्ध काय करायचंय?

निशिगंधा: ते राहू दे. पाचवं पद छापून सहावं विचारलं असतं तर माझा आक्षेपच नव्हता. चार पदांवर एकच उत्तर मान्य करणं मला अजूनही पटत नाही.