पश्चिमेच्या खिडकीला कोणतं कापड टिकेल? पडदे पार विटलेत

वैदेही_कोथरूड: हॉलचे पडदे विटलेत, चुण्यांच्या कडेने पांढरे पट्टे आलेत आणि धुताना कापड फाटायला लागलंय. दिवाळीच्या आत नवे हवेत. काय घेऊ आणि पुण्यात भरवशाचं दुकान कुठलं? प्लीज लवकर सांगा.

मिलिंद_फर्निशिंग: दिशा कुठली? कापड कसलं होतं, अस्तर होतं का?

वैदेही_कोथरूड: पश्चिम, समोर मोकळं मैदान. खिडकी सहा फूट रुंद. खरं टसर होतं, अस्तर नाही, दुकानदार गरज नाही म्हणाला.

मिलिंद_फर्निशिंग: मग फाटणारच, रेशीम उन्हात कुजतं. काच लावली की ऊन अडतं असं वाटतं, पण अल्ट्राव्हायोलेटचा बराच भाग काचेतून आत येतो आणि रंग नुसत्या उजेडानेही उडतो. चुणीची जी कड काचेकडे असते ती आधी जाते, म्हणून पट्टे.

शुभदा६२: पॉलिएस्टर घे गं, रंग कधीच जात नाही. माझे कितीतरी वर्षं आहेत.

मिलिंद_फर्निशिंग: ताई, तुमची खिडकी उत्तरेला असेल. पॉलिएस्टरचा धागा टिकतो, पण रंग कसा दिलाय त्यावर सगळं. छापील असेल तर उलट बाजू फिकी दिसते, ते नको. सूत बनतानाच रंग मिसळलेलं, डोप डाइड म्हणतात, ते गाजरासारखं आतपर्यंत रंगीत असतं. दुकानात लाइट फास्टनेसचा आकडा विचारा, स्केल १ ते ८ असते, पश्चिमेला निदान ६ हवा. आकडा सांगता येत नसेल तर कापडाचा तुकडा मागा, अर्धा पुठ्ठ्याने झाकून खिडकीत चिकटवा आणि महिनाभराने फरक बघा.

अमोल_डी: एवढं कशाला, ब्लॅकआउट लाव, एसीचं बिलही कमी येतं.

शुभदा६२: ब्लॅकआउटच्या मागचं कोटिंग आमच्याकडे मशीनमध्ये धुतल्यावर सोललं, सगळीकडे पापुद्रे.

वैदेही_कोथरूड: मला एसीचं नाही हो विचारायचंय, आणि दिवसा अंधार नको.

मिलिंद_फर्निशिंग: मग सुती किंवा पॉली-कॉटनचं ऑफव्हाइट अस्तर, पण पडद्याला शिवून टाकू नका, वेगळ्या हुकांवर लावा. ऊन आधी अस्तर खाईल, खराब झालं की तेवढंच बदलायचं. मीटर असे: ७२ इंच दुप्पट केले की १४४, पन्हा ४८ चा धरला तर तीन पाट. उंची सात फूट असेल तर दुमडीसकट आठ धरा, म्हणजे साधारण साडेसात मीटर, अस्तरही जवळपास तेवढंच.

नेहा_दुबई: आमच्याकडे स्क्रीनचे रोलर ब्लाइंड आहेत, बाहेरचं दिसतंही. तिकडे बाल्कनीला चिक कोण करतं, कुणाला माहीत आहे का?

मिलिंद_फर्निशिंग: स्क्रीन चांगला, पण रात्री दिवा लावला की बाहेरच्यांना आतलं दिसतं, त्यामुळे पडदा लागतोच. वैदेही, दुकानाचं नाव मी देणार नाही, माझाच धंदा आहे. जो अख्ख्या थानाच्या कडेवर कंपनीचं नाव दाखवेल आणि लाइट फास्टनेस बिलावर लिहून देईल त्याच्याकडे जा.

वैदेही_कोथरूड: बिलावर लिहून द्यायला दोघं नाही म्हणाले. आणि दिवाळीला महिना कुठे उरलाय तुकडा लावून बघायला?

अमोल_डी: मग काचेला फिल्म लाव ना आधी.

शुभदा६२: फिल्मला सोसायटी परवानगी देते का?