दुसरीच्या वर्गात दिवाळी: फटाके शिकवायचे की टाळायचे?

दुसरी_ब: दिवाळीवर 40 मिनिटांचा पाठ घ्यायचाय. वर्गात तीन धर्मांची मुलं आहेत, एकीला मोठा आवाज अजिबात सहन होत नाही. फटाक्यांबद्दल बोलू की विषयच नको?

खडूफळा: बोला, पण फुलबाजीपासून सुरुवात करा. आवाज नाही म्हणून तीच सगळ्यात लहान हातात देतात, आणि जळताना तिचं टोक हजार अंशांच्या आसपास तापतं. ठिणग्या संपल्या की मुलांना वाटतं, झालं. तार मात्र तापलेलीच असते. कुणीतरी ती जमिनीवर टाकतं आणि अनवाणी पाय नेमका त्यावर पडतो. वर्गात काहीही पेटवू नका. फुलबाजीऐवजी खडू द्या. हात लांब करून, अंगापासून दूर धरायचा, ‘विझली’ म्हटलं की चालत जाऊन टोक खाली करून पाण्याच्या बादलीत टाकायचा. प्रत्येकाकडून दोनदा करून घ्या, हाताला सवय लागते.

काजवा: म्हणजे फटाके कसे उडवायचे याचा तासच झाला की! सरळ फटाकेमुक्तीची शपथ द्या.

खडूफळा: शपथ घेतलेलं मूलही संध्याकाळी चुलतभावंडांत उभं असतंच. न पेटलेल्या भुईनळ्यावर वाकून बघायचं नाही, हे त्याला कोण सांगणार?

आजोळ: भाजलं तर लगेच बर्फ लावायचा, हेही शिकवा.

पांढरी_पट्टी: लगेच गार करायचं, हे बरोबर. पण बर्फ नको, भाजलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. नळाचं साधं वाहतं पाणी, 20 मिनिटं. टूथपेस्ट, हळदही नको. सात वर्षांच्या मुलाला मात्र दोनच गोष्टी सांगा: मोठ्यांना हाक मार, हात नळाखाली धर.

जुईची_आई: माझ्या मुलालाही आवाज सोसत नाही. शाळेत फटाक्यांचे आवाज ऐकवले की तो बाकाखाली जातो.

खडूफळा: इथे तर आवाज ऐकवायची गरजच नाही. त्या मुलीला पाठाचा क्रम चित्रांत आदल्या दिवशी दाखवून ठेवा.

बाकी, सुरुवात ‘तुम्ही काय काय आणलं?’ने करू नका, ज्यांच्या घरी सण नाही किंवा पैसे नाहीत ती मुलं गप्प होतात. ‘अंधार पडल्यावर तुमच्या घरी कोणता दिवा लागतो?’ याला प्रत्येकाकडे उत्तर असतं. मग सांगा: याच दिवसांत जैन घरांत महावीरांचं निर्वाण स्मरतात, शीख घरांत गुरू हरगोबिंदांची ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून झालेली सुटका. ‘आपण दिवाळीत…’ऐवजी ‘दिवाळी करणारी घरं…’ म्हणा.

काजवा: हे पटत नाही. पणती लावणाऱ्या मुलालाच त्याचा सण परका वाटेल.

दुसरी_ब: मग त्या मुलांनाच ‘आम्ही’ म्हणून सांगू दिलं तर? आणि खडू बादलीत विरघळेल, आइसक्रीमच्या काड्या घेते.