मदत हवी आहे: कोल्हापूर, खिद्रापूर, पन्हाळा – तीन दिवसांत कोणत्या क्रमाने बघावं?

माधवी_पुणे

नमस्कार. ३० नोव्हेंबर ते २ डिसेंबर, म्हणजे रविवार, सोमवार आणि मंगळवार, असे तीन दिवस कोल्हापुरात आहोत. मी, आई (वय ६८, गुडघे दुखतात, पण हळूहळू चालते) आणि अकरावीतला भाचा. शनिवारी रात्री पोचतोय, मंगळवारी रात्रीच्या बसने परत. तिथे फिरायला गाडी ठरवली आहे.

मला शिलाहारांचा, म्हणजे कोल्हापूरच्या जुन्या राजघराण्याचा, काळ नीट समजून घ्यायचा आहे. त्यांच्याबद्दल वाचलंय, पण जागेवर जाऊन काही पाहिलेलं नाही. सध्या असं ठरवलंय:

रविवार – पन्हाळा
सोमवार – टाउन हॉल संग्रहालय आणि अंबाबाई
मंगळवार – खिद्रापूरचं कोपेश्वर हे शिवमंदिर, वाटेत नृसिंहवाडी

अंतरांचा विचार करून हे केलंय, पण क्रम बरोबर आहे का याची खात्री नाही. आणि एकच ठिकाण सोडावं लागलं तर कोणतं सोडू? भाच्याला पन्हाळा हवाच आहे, आईला वाडी.

पायवाट

पन्हाळ्याला जाताय तर पावनखिंड सोडू नका! आम्ही दरवर्षी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड चालत करतो. राजदिंडीतून उतरायचं, मसाई पठार, मग पुढच्या वाड्या. दोन दिवस लागतात. पाऊस आणि चिखल असतो, पण १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज कशातून गेले असतील ते तेव्हाच कळतं. भाचा अकरावीत आहे म्हणजे अगदी योग्य वय. बूट चांगले घ्या.

माधवी_पुणे

पायवाट, मनापासून धन्यवाद, पण आई बरोबर आहे आणि आम्ही डिसेंबरात येतोय. भाच्याला मात्र तुमचा निरोप दिलाय, पुढच्या पावसाळ्यात तो तुमच्या मागे लागेल.

दगडी_चौकट

कोल्हापूर माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली अडचण सरळ आहे. टाउन हॉल संग्रहालय सोमवारी बंद असतं. तुमच्या बेतात ते सोमवारीच आलंय, म्हणजे तसेच गेलात तर दारावरून परत. शिवाय रविवारी पन्हाळ्यावर सहलींची गर्दी असते. तेव्हा उलट करा: रविवारी शहर, सोमवारी खिद्रापूर, मंगळवारी पन्हाळा.

पण वार बाजूला ठेवले तरी मी हाच क्रम सांगितला असता. पन्हाळा शेवटी हवा, कारण शिलाहारांची गोष्ट तिथे संपते आणि पुढची गोष्ट तिथेच सुरू होते.

रविवारी सकाळी लवकर अंबाबाई. दर्शन झालं की बाहेर पडायची घाई करू नका, देवळाला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. भिंतीचे कोन कसे आत-बाहेर वळत जातात आणि खालचे थर कसे रचलेत ते बघून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी खिद्रापूरला तुम्ही नकळत त्याच्याशीच तुलना करणार आहात. कोल्हापूरचे शिलाहार आपल्या लेखांत स्वतःला ‘महालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ म्हणवतात. देवीचा वर लाभलेले. त्यांच्या सत्तेचा आधारच हे देऊळ होतं.

मग संग्रहालय. तिथे शिलाहारांपेक्षाही जुनं कोल्हापूर दिसतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. ब्रह्मपुरीच्या कांस्यवस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी मूर्ती आहे. सातवाहनांच्या काळात समुद्रापलीकडचा माल घाट चढून इथवर येत होता, हे त्या वीतभर मूर्तीइतकं दुसरं काही सांगत नाही. दालनं फार नाहीत, दीड तास पुरतो, आईंनाही झेपेल. टेकडीवर मात्र पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही, तिथे वेळ घालवू नका.

गौतमी७

अंबाबाईचं देऊळ शिलाहारांनीच बांधलं ना? मग दोन्हीकडची शैली सारखीच असणार.

आणि खिद्रापूरला बरोबर दुपारी बाराला पोचा. स्वर्गमंडपाच्या, म्हणजे देवळापुढच्या खांबांच्या मंडपाच्या, छतात जो उघडा गोल आहे, त्यातून ऊन थेट खालच्या गोल दगडावर पडतं. मी मे महिन्यात पाहिलंय, डोळ्यांचं पारणं फिटतं.

दगडी_चौकट

गौतमी, मे महिन्यात तुम्ही पाहिलंत ते अगदी खरं. खिद्रापूरच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. पण १ डिसेंबरला तो दक्षिणेकडे झुकलेला असतो. माध्यान्ह तिथे साधारण १२ वाजून २० मिनिटांनी होते, तेव्हाही सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून जवळजवळ ३९ अंश दक्षिणेला असेल. म्हणजे उन्हाचा गोल मधल्या गोल दगडावर, रंगशिलेवर, न पडता उत्तरेकडच्या खांबांच्या बाजूला सरकलेला दिसेल. मधल्या दगडावर ऊन पाहायच्या अपेक्षेने गेलात तर वाटेल की आपली वेळ चुकली. चुकलेली नसते, महिना वेगळा असतो.

माधवी, तुम्ही उलट दहाच्या सुमारास पोचा. देऊळ पूर्वाभिमुख आहे, आणि तिरप्या उन्हात खांबांवरचं कोरीव काम जास्त उठून दिसतं. मग तासभर थांबा आणि उन्हाचा तो तुकडा कसा सरकतो ते भाच्याला बघू द्या.

अंबाबाई कोणी बांधली, यावर एका वाक्यात उत्तर नाही. गाभा शिलाहारांच्या आधीचा, चालुक्यकाळातला मानणारे पुष्कळ आहेत, आणि भर पुढे अनेकांनी घातली. मलाही तसंच वाटतं, पण पैज लावणार नाही.

माधवी_पुणे

हे फार कामाचं आहे. मग खिद्रापूरला नेमकं काय बघू? छायाचित्रांत तो गोलच दिसतो.

दगडी_चौकट

तीन गोष्टी बघा, आणि याच क्रमाने.

आधी स्वर्गमंडपात आईंना बसवा आणि तुम्ही खांब बघत फिरा. एकूण ४८ खांब आहेत, वर्तुळात वर्तुळ अशी रचना. मधल्या वर्तुळातले १२ खांब छताचा तो उघडा गोल पेलतात. घेर बदलला की खांबाचा आकारही बदलतो, काही गोल, काही चौकोनी, काही अनेक कोनांचे. आईंना बसल्या जागी वर मान केली की गोलाच्या कडेवरचे दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, दिसतील.

मग बाहेर येऊन पायाशी वाका. हत्तींची रांग सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे, तेच गजपीठ. प्रत्येक हत्तीवर कोणी ना कोणी बसलंय. लोक वर बघत फिरतात आणि हे राहून जातं.

शेवटी दक्षिण दाराजवळचा लेख. इथले बहुतेक लेख कन्नड आहेत, हा मात्र देवनागरी लिपीतला, संस्कृत. यादव राजा सिंघणाचा, शके ११३६ चा, देवाच्या पूजेसाठी दिलेल्या गावाच्या दानाचा. तुमची सगळी सहल या दगडावर येऊन वळते. कारण त्याच्या थोडं आधी सिंघणाने पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोजाला हरवून शिलाहारांचं राज्य संपवलेलं होतं. देऊळ शिलाहारांच्या मुलखातलं आणि दान देणारा त्यांना जिंकणारा. हा लेख सोमवारी पाहून मंगळवारी पन्हाळा चढलात की कोणाचा गड आपण बघतोय ते कळतं. आधी पन्हाळा केलात तर हा लेख म्हणजे नुसती अक्षरं.

शिरोळकर

मी इकडचाच. दोन गोष्टी सांगतो.

डिसेंबरात आमच्याकडं ऊसतोड जोरात असते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, ओलांडता येत नाहीत. अंतर बघून सव्वा तास धरला असेल तर दोन तास धरा. आणि अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा, कारण कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. माझ्या चुलतभावाची गाडी संध्याकाळी अशाच एका ट्रॉलीवर मागनं आदळली होती. जीव वाचला, पण पाय अजून दुखतोय.

दुसरं, वाडी. त्या आठवड्यात गुरुवारी दत्तजयंती आहे, म्हणजे सोमवारपासूनच गर्दी वाढायला लागणार. आईंना वाडी करायची असेल तर जाताना सकाळी सातला करा, येताना नको. तिथनं कुरुंदवाडवरनं खिद्रापूर. आणि देवळात नंदी शोधू नका, तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं आमच्याकडं सांगतात.

गौतमी७

शिरोळकर, नंदीचं माहीत नव्हतं! मी तर पाडला असेल असं धरून चालले होते.

माधवी, पन्हाळा दुसऱ्या भोजाने बांधला, तेव्हा तिथे शिलाहार बांधकाम भरपूर बघायला मिळेल.

दगडी_चौकट

इथे थोडं सावध करतो. गड भोजाच्या काळचा आहे हे खरं, पण आज डोळ्यांना दिसतं ते बहुतांशी आदिलशाही. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारं, सज्जा कोठी, तीन दरवाजा, अंधारबाव, सगळं त्या धाटणीचं. शिलाहार बांधकाम शोधायला गेलात तर हाती फार लागणार नाही. पन्हाळ्यावर भोज दिसतो तो जागेच्या निवडीत. कोल्हापूर जवळ, आणि कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटांवर नजर. सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराज चार महिने याच गडावर अडकले, तेव्हा त्या निवडीचं बळही दिसलं आणि गड वेढला की बाहेर पडणं किती कठीण तेही दिसलं.

गाडी वरपर्यंत जाते. जिथून आत शिरता तिथे पूर्वी चार दरवाजा होता, इंग्रजांनी तो १८४४ मध्ये पाडला. आधी पूर्वेकडे सज्जा कोठी, मग अंबरखाना, आणि दुपार कलल्यावर तीन दरवाजा. तो पश्चिमेला आहे, उतरत्या उन्हात त्याचं नक्षीकाम बघत राहावंसं वाटतं. अंधारबाव शेजारीच आहे, पण पायऱ्या उंच आणि आत अंधार, आईंना वरच बसू द्या. सूर्य सहाच्या आत मावळतो, तुम्हाला बस आहे, तेव्हा साडेपाचला निघा.

एकच ठिकाण सोडायचं तर गडावरचं काहीतरी सोडा, खिद्रापूर नको.

पायवाट

गड अर्धवट बघू नये असं माझं मत. पुसाटी बुरुज तरी करा, अकरावीतल्या मुलाला तोच आठवणीत राहील. वाटलं तर अंबरखाना सोडा.

माधवी_पुणे

अंबरखाना सोडायचा की पुसाटी बुरुज, ते भाचा आणि मी गडावरच ठरवू. बाकी बेत बदलला: रविवारी सकाळी अंबाबाई, मग संग्रहालय. सोमवारी सातला वाडी, दहाला खिद्रापूर, चारच्या आत परतीच्या वाटेला. मंगळवारी पन्हाळा. गाडीवाल्यालाही ट्रॉल्यांचं सांगितलंय, तो म्हणाला, तुम्हाला हे सांगणारा माणूस तिकडचाच असणार.

एक शंका राहिली. खिद्रापूरला आदिनाथाचं जुनं जैन मंदिरही आहे ना? आई देवळात बसली असताना मी चालत जाऊन येऊ शकते का?

शिरोळकर

आहे की, गावातच आहे, चालत जावा. आईंना एकटं ठेवायला नको वाटलं तर पुजाऱ्यांना सांगून ठेवा, ते लक्ष ठेवतील.