आईच्या फोनवर ॲपची नोंदणी

> आईच्या फोनवर बँकेचं ॲप टाकतोय. सिम चालू आहे, तरी पडताळणीचा मेसेज जात नाही. आम्ही देवगडला.

आधी सिमचा बॅलन्स बघा. हा मेसेज बँकेकडून येत नाही, फोनमधून बँकेला जातो. त्यावरूनच बँक सिम आणि फोनची सांगड घालते. आमच्या आईच्या सिमचा रिचार्ज संपला होता. कॉल येत होते, म्हणून सिम चालूच वाटायचं! घरात वायफाय असून उपयोग नाही, एसएमएसला सिमचीच रेंज लागते. आमच्याकडे ती पडवीत मिळत नाही, आगराच्या टोकाला गेलो तेव्हा काम झालं. दोन सिम असतील तर खात्याला जोडलेलंच निवडा.

नोंदणीच्या दिवशीच आंबापेट्यांचे मोठे पैसे पाठवायचं ठरवू नका. नव्या फोनवर यूपीआयला पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते.

कार्ड नवं असेल तर ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं बंदच असतं. ऑनलाइन बंदच ठेवा. आईला एटीएमपुरतंच कार्ड लागत असेल तर तेवढंच चालू, आणि रोजची मर्यादा ५,०००. कार्ड कुणाच्या हाती पडलंच, तर एका दिवसाचं नुकसान तेवढ्यावर थांबतं.